दुकान वाढवत आहोत

दुकान आता पुरे, हे काकूंनी एका दुपारी ठरवून टाकलं. पण ते गिऱ्हाइकांना कळवायचं पत्र मात्र काही केल्या जमेना. जन्मभर दुसऱ्यांना बारीक अक्षर दिसावं म्हणून खटपट केलेली ही बाई, आणि स्वतःच्या चार ओळी लिहिताना तिला पुढचं दिसेना!

दुकान चष्म्यांचं. एका खोलीचं, रस्त्यापेक्षा एक पायरी वर. समोर काचेचं कपाट, त्यामागे खुर्ची, आत पडद्याआड काच घासायचं चाक आणि पाण्याचं भांडं. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. सासऱ्यांनी ते सुरू केलं, मग काकूंच्या यजमानांनी चालवलं, आणि ते अचानक गेले तेव्हा काकू खुर्चीत बसल्या. तात्पुरत्या हं! पुढे कुणीतरी बघेल म्हणून बसल्या त्या उठल्याच नाहीत. त्यांचं नाव कुणी घेत नसे. सगळ्या पेठेला त्या चष्मेवाल्या काकू.

आता उजव्या हाताचा अंगठा ऐकेनासा झाला होता. काडीचा स्क्रू म्हणजे केवढा? तिळाएवढा. तो बोटातून निसटायचा आणि काकू फरशीवर गुडघे टेकून शोधत बसायच्या. लेक आपल्या नोकरीत आणि संसारात, तिला यात रस नव्हता आणि तिने तसं कधी खोटं सांगितलंही नव्हतं. मागे कुणी नाही. मग ओढायचं कशाला आणि किती?

काकू कामाला पक्क्या. सगळं रीतीने केलं. आधी जागेच्या मालकाला सांगितलं. त्याने चेहरा पाडला आणि लगेच मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याशी करार करून मोकळा झाला. मग काचा पुरवणाऱ्याला सांगितलं, म्हणजे त्याने नवा माल पाठवू नये. मग चौकातल्या चष्मेवाल्याकडे स्वतः चालत गेल्या. ज्यांच्या फ्रेमची गॅरंटी अजून बाकी आहे, त्यांचं पुढे तू बघशील का, असं विचारलं. तो भला माणूस, हो म्हणाला. हे सगळं झाल्यावर राहिली गिऱ्हाइकं. त्यांना हे बाहेरून कळता कामा नये, प्रत्येकाला पत्र जायला हवं आणि सगळी पत्रं एकाच दिवशी निघायला हवीत, हे काकूंचं ठाम मत होतं. निम्मी गिऱ्हाइकं वयस्कर, त्यांना मोबाइलवर काही पाठवलं तर ती नातवंडांना वाचायला देतात आणि नातवंडं अर्धं सांगतात.

पहिला मसुदा चार पानी झाला. रविवारी लेक आली, तिने तो उभ्याउभ्या वाचला.

"आई, हे पत्र आहे की आजोबांचं चरित्र? दुकान सुरू व्हायलाच दोन पानं गेलीत."

"मग, मध्येच कुठून सुरू करू?"

"लोकांना काय हवंय ते सांग. शेवटचा दिवस कुठला, नवा चष्मा कधीपर्यंत मिळेल, दुरुस्तीला टाकलेला कधी न्यायचा. आणि कारण. तुझा अंगठा."

"अंगठा नको," काकू म्हणाल्या. "अंगठा लिहिला की प्रत्येक जण एकेक डॉक्टर आणि एकेक तेल सुचवायला येईल. मला काम सुधरू देणार नाहीत."

कारण गेलं. त्याजागी 'बराच विचार करून' आलं. लेक आपल्या लॅपटॉपवर टाइप करत होती. तिने लिहिलं, 'आम्ही हे दुकान कायमचे बंद करत आहोत.' आणि काकू जोरात ओरडल्या.

"तो शब्द काढ आधी!"

"कुठला?"

"तोच. या खोलीत तो शब्द कुणी उच्चारत नाही. तुझे आजोबा रोज संध्याकाळी काय म्हणायचे? चला, दुकान वाढवूया. बांगडी फुटली असं आपण म्हणतो का? वाढवली म्हणतो. मी नवी होते, एकदा बोलून गेले, मामंजी दुकान बंद करायचं का? ते काही रागावले नाहीत. नुसतं माझ्याकडे बघितलं. ते बघणं अजून आठवतंय मला."

"अगं, पण ते रोजचं. आणि लोकांना कळेल का?"

"न कळायला काय झालं? मराठी माणसं ना ती?"

लेकीने कपाळाला हात लावला आणि लिहिलं. काकू म्हणाल्या, अक्षर मोठं कर. तिने केलं. अजून मोठं कर. ज्यांचे चष्मे आपल्याकडे दुरुस्तीला आहेत, ते बिचारे चष्म्याशिवाय वाचणार आहेत, हे तुला कळत कसं नाही? शेवटी पत्र असं झालं:

'सप्रेम नमस्कार. माझ्या सासऱ्यांनी सुरू केलेले हे चष्म्यांचे दुकान बराच विचार करून आम्ही येत्या महिनाअखेरीस वाढवत आहोत. नव्या चष्म्याची मागणी पंधरा तारखेपर्यंतच घेऊ, कारण काचा येऊन त्या घासून बसवायला वेळ लागतो. दुरुस्तीला दिलेले आणि तयार असलेले चष्मे अखेरीच्या आत घेऊन जावेत. आपल्या नंबरचे कार्ड आपल्या हाती देऊ, परस्पर कुणालाही देणार नाही. ज्यांच्या फ्रेमची गॅरंटी बाकी आहे त्यांची पुढची देखभाल चौकातील दुकानात होईल, तसे बोलणे झाले आहे. इतकी वर्षे आपण आपले डोळे विश्वासाने आमच्या हवाली केलेत. त्या ऋणातून उतराई होणे शक्य नाही. लोभ असावा.'

खाली काकूंनी प्रत्येक पत्रावर स्वतः सही केली. अंगठा दुखला तरी केली. पाकिटांवर पत्ते लिहिताना एका नावापाशी त्या थांबल्या. वन्सं.

वन्सं म्हणजे यजमानांची थोरली बहीण. लग्न करून दूरच्या गावी दिलेली. लहानपणी ती शाळा सुटली की या दुकानात येऊन बसायची. काडी कानामागे कुठे वळवायची, नाकावरच्या गाद्या किती दाबायच्या, हे वडिलांनी तिलाच आधी शिकवलं होतं, भावाला नंतर. पण दुकान भावाला मिळालं. तेव्हा तसंच असायचं, त्यावर कुणी चर्चाबिर्चा केली नाही. वन्सं भांडल्या नाहीत, अबोला धरला नाही. माहेरी यायच्या, घरी राहायच्या, काकूंच्या डोक्याला तेल लावून द्यायच्या, पोट दुखेपर्यंत हसवायच्या. फक्त दुकानाची पायरी चढायच्या नाहीत. 'माझं काय काम तिथे?' एवढंच म्हणायच्या. यजमान गेले आणि काकू खुर्चीत बसल्या, तेव्हा काकूंना वाटलं होतं, आता तरी येतील. आल्या नाहीत. डोळे तपासले की नंबरचा कागद टपालाने पाठवायच्या, काकू चष्मा करून टपालाने पाठवायच्या. अशा त्या दुकानाच्या एक गिऱ्हाईक.

त्यांनी एकदा येऊन या खोलीत बसावं, एवढीच काकूंची इच्छा उरली होती. दुकान सोडताना दुसरं काही मागायचं नव्हतं त्यांना. त्या खुर्चीत आपण दुसऱ्याच्या जागेवर बसलोय, असं काकूंना इतकी वर्षं वाटत आलं होतं, आणि ते सांगायचं तर वन्संनाच सांगायला हवं होतं. पत्राच्या खाली 'याल ना?' असं लिहावंसं वाटलं. पण सगळ्यांना एकच पत्र, असा स्वतःच केलेला नियम! त्यांनी पाकीट चिकटवलं.

पत्रं गेली. आणि मग जी गंमत सुरू झाली, तिला गंमत म्हणावं की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा.

पहिले आले निवृत्त पोस्टमास्तर. हातात फुलांचा गुच्छ.

"अभिनंदन काकू! या वयात दुकान वाढवताय, कमाल आहे बुवा तुमची."

काकूंना वाटलं, हे थट्टा करताहेत. पोस्टमास्तर जन्मजात थट्टेखोर. त्या हसल्या, गुच्छ पाण्यात ठेवला. मग दाताच्या डॉक्टरीणबाई आल्या. शेजारची खोली पाडून मोठं करणार का, असं त्यांनी विचारलं. मग दुधाची गाडी चालवणारे आले, तर ते म्हणाले, "चौकातलं दुकानही तुम्हीच घेतलंत ना? पत्रात आहे की, पुढची देखभाल तिथे म्हणून. मी तर बायकोला म्हटलं, बघ, बाई असून कशी पुढे गेली!" एकाला वाटलं की नंबरची कार्डं परत देताहेत, म्हणजे आता सगळं कॉम्प्युटरवर चढवणार. पत्रातलं एकेक वाक्य त्यांनी असं चपखल बसवलं होतं की काकूंनाच क्षणभर वाटावं, अरे, खरंच मोठं करतोय की काय आपण!

"कुणालाच कसं कळत नाही?" रात्री फोनवर त्या लेकीला म्हणाल्या.

"मी सांगितलं होतं."

"तू सांगितलं होतंस हे मला सांगू नकोस."

पण खरी धडकी भरली ती शिवणकामवाल्या आजींमुळे. त्यांचा एक डोळा अधू, दुसऱ्यावर सगळा संसार. काकूंनी केलेल्या चष्म्याशिवाय त्यांना सुईत दोरा जात नाही. त्या दारातूनच म्हणाल्या, "नंबर बदललाय गं माझा. पण आता घाई नाही, तुझं नवं मोठं दुकान झालं की येते सावकाश पुढच्या महिन्यात." काकूंनी त्यांना हाताला धरून आत आणलं, बसवलं, डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर पट्टीने मोजलं आणि मागणी तिथल्या तिथे लिहून घेतली. एक आजी सापडल्या. पण घरी बसून पुढच्या महिन्याची वाट बघणाऱ्या अशा आणखी किती असतील?

लेक ताबडतोब कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन आली. "एकच ओळ लिहायची. दुकान कायमचे बंद होत आहे, पंधरा तारखेच्या आत या. बस. मी लिहू का?"

"नको. मी लिहिते."

लेक गेली. काकू पेन घेऊन बसल्या. 'दुकान कायमचे' इतकं त्यांनी भराभर लिहिलं, दहाबारा कार्डांवर लिहिलं. आणि पुढचा शब्द काही येईना. आता याला वेडेपणा म्हणा, हट्ट म्हणा! सासरे जाऊन जमाना झाला, पण त्यांच्या खुर्चीत बसून, त्यांच्या सुनेने, तो शब्द लिहायचा? त्या दिवशी एकही कार्ड पुरं झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर पावलं वाजली. काकूंनी मान वर केली तर दारात वन्सं. हातात पिशवी, चेहरा प्रवासाने उतरलेला, पण डोळे कसे लकलकत होते.

काकू इतक्या गडबडल्या की पेन खाली पडलं. "वन्सं! तुम्ही! अहो, कळवायचं तरी, मी न्यायला आले असते."

"मला काय रस्ता माहीत नाही?" वन्सं आत आल्या. चारही भिंती बघितल्या. अर्धी कपाटं रिकामी होती, काकूंनी माल आवरायला घेतला होता. "रंग द्यायला काढलंस वाटतं सगळं?"

काकूंनी पडलेलं पेन उचललं. यांनीसुद्धा? यांनीसुद्धा तसंच वाचलं?

वन्संनी पिशवी कपाटावर ठेवली. मग जे बोलल्या, ते बहुधा गाडीत सारं घोकून आल्या असाव्यात, कारण त्या थांबल्याच नाहीत.

"हे बघ, मी तिकडे एकटी. मुलं आपापल्या जागी. तू दुकान वाढवतेयस, तर तुला माणूस लागेल. मला पगारबिगार नको. तो तिथे खिडकीपाशी एक कोपरा दे, स्टूल दे. काड्या नीट करीन, गाद्या बदलीन. हात बघ माझे, अजून थरथरत नाहीत. मी आजवर कधी काही मागितलं नाही या घरात. आज मागतेय. देशील?"

देवा! इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली, ते आलं आणि असं आलं. काकूंना हो म्हणायचं होतं. जागेच्या मालकाचे पाय धरावेत, काचावाल्याला फोन करावा, सगळं उलटं फिरवावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण करार झाला होता. पुढच्या महिन्यात इथे मोबाइलची कव्हरं लटकणार होती.

"वन्सं," त्या कशाबशा म्हणाल्या, "मी वाढवतेय म्हणजे... मामंजी म्हणायचे ना, तसं. तुम्हाला तरी कळायला हवं होतं हो! तुमच्याच घरातला शब्द तो."

वन्सं स्टुलावर बसल्या. बाहेरून कुणाची तरी सायकल खडखडत गेली.

"कळलं होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा वाचलं तेव्हाच कळलं होतं गं. मला नाही कळणार तर कुणाला? पण पुन्हा एकदा वाचलं आणि म्हटलं, याचा दुसराही अर्थ होतोच की. सगळं जग त्याच अर्थाने बोलतं. मीच कशाला जुना धरून बसू? आणि पिशवी भरली."

काकूंना रडू आवरेना. त्यांनी ते आवरलंही नाही. "मी तुम्हाला आधीच बोलवायला हवं होतं. हे गेले तेव्हाच. खुर्ची तुमची होती."

"मी तरी कुठे विचारलं? तू बोलावशील म्हणून मी थांबले, मी येईन म्हणून तू. दोघी भारी मानी!" वन्संनी डोळे पुसले आणि चिडूनच इकडेतिकडे बघितलं. त्यांना ती अर्धवट कार्डं दिसली. एक उचललं. "हे काय? दुकान कायमचे... कायमचे काय?"

काकूंनी सगळं सांगितलं. पोस्टमास्तरांचा गुच्छ, चौकातलं दुकान, शिवणकामवाल्या आजी. गुच्छाचं ऐकून वन्सं हसल्या, आजींचं ऐकून हसायच्या थांबल्या.

"लोकांना असं आशेवर ठेवू नये," त्या म्हणाल्या. "मला विचार. आण इकडे."

"मला तो शब्द लिहवत नाही हो."

"तू लिहूच नकोस. तू सून. मी मुलगी आहे त्यांची." त्यांनी गठ्ठा पुढे ओढला, काकूंचं पेन घेतलं. "जे मला कधी दिलं नाही, ते बंद तरी मी करते. बघू बाबा काय म्हणतात ते."

आणि त्या लिहू लागल्या. बंद होत आहे. बंद होत आहे. एकेक कार्ड शांतपणे, अक्षर जरासुद्धा न बिघडवता. काकू शेजारी बसून पत्ते घालत होत्या. मध्येच वन्संचं पेन थबकायचं, त्या खिडकीकडच्या कोपऱ्याकडे बघायच्या आणि पुढचं कार्ड घ्यायच्या. काकूंना ते दिसत होतं.

कार्डं संपत आली तेव्हा एक मुलगी पायरी चढून आली. शाळेत शिकवणारी, जवळच राहणारी. चष्मा सारखा नाकावरून घसरतो म्हणाली. काकू सवयीने उठल्या आणि उभ्या राहिल्याच. मग खुर्ची वन्संकडे सरकवली.

"यांना दाखव," त्या मुलीला म्हणाल्या. "हे दुकान यांचं आहे. मी आपली सांभाळत होते."

वन्संनी काकूंकडे बघितलं. त्या काहीतरी बोलतील असं वाटलं, पण गिऱ्हाईक उभं होतं. त्या खुर्चीत बसल्या. चष्मा हातात घेतला, दोन्ही काड्या कपाटाच्या काचेवर टेकवून डुगडुगतो का बघितलं. डावी काडी वर उचलली जात होती. त्यांनी गरम हवेच्या यंत्रासमोर ती धरली, बोटाने चाचपली, पुन्हा धरली आणि मऊ झाल्यावर अंगठ्याने अगदी एवढीशी वळवली. चष्मा मुलीच्या डोळ्यांवर बसवून दोन्ही कानांमागे बोट फिरवलं.

"टोचतंय?"

"नाही."

"मान खाली घाल. हलव. अजून हलव, घाबरू नकोस."

मुलीने मान जोरात हलवली. चष्मा जागचा हलला नाही. वन्संच्या चेहऱ्यावर जे आलं, ते काकूंनी त्यांच्या लग्नाच्या जुन्या फोटोतही बघितलं नव्हतं.

"छान बसला," वन्सं म्हणाल्या. "नवीन वळण आहे, दोनतीन महिन्यांत परत सैल होईल. मग ये हं. मी आहे."

बोलून गेल्या आणि त्यांच्याच लक्षात आलं. पेन अजून कार्डांवर आडवं पडलेलं होतं. मुलगी आरशात बघत होती, तिला काही कळलं नाही. काकूंनी तोंड उघडलं, मुलीला सांगायला हवं होतं, तिला चौकातल्या दुकानाचा पत्ता द्यायला हवा होता. पण त्यांनी वन्संकडे बघितलं आणि तोंड मिटलं. तिचं कार्ड उद्या टपालाने जाणारच होतं.

"येते हं," मुलगी पायरी उतरता उतरता म्हणाली.

"ये," वन्सं म्हणाल्या. "सावकाश ये."